विक्री घटली, नफा वाढला

लोखंडी कपाटं बनवणारा एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणू. कुपवाडच्या किंवा जळगावच्या एमआयडीसीत असतो तसा: मोठी शेड, एका टोकाला पत्रा कापायची आणि वाकवायची मशिनं, मध्ये वेल्डिंग, दुसऱ्या टोकाला पावडर कोटिंगचा ओव्हन. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे धरले आहेत. पहिल्या वर्षी या कारखान्याने ४,००० कपाटं विकली आणि १५ लाख रुपये नफा दाखवला. दुसऱ्या वर्षी विक्री ३,६०० वर घसरली, तरी नफा २१ लाख ८० हजार झाला. तिसऱ्या वर्षी विक्री ४,४०० वर गेली, तिन्ही वर्षांतली सर्वात जास्त, आणि नफा उरला ८ लाख २० हजार.

या तीन वर्षांत कपाटाचा भाव बदललेला नाही. पत्र्याचा दर, मजुरी, पगार, शेडचं भाडं, सगळं तेच आहे. वहीत कुठे चूक नाही, लबाडी नाही, आणि सीएने सही केलेला हिशेब कायद्याला पूर्णपणे धरून आहे. तरीही विक्री घटली की नफा वाढतो आणि विक्री वाढली की नफा घटतो, असं उलटं चित्र त्यात दिसतं. याचं उत्तर शेडच्या मागच्या गोदामात, न विकलेल्या मालाची किंमत कशी धरली जाते त्यात आहे.

आधी कारखान्याचे खर्च बघू. एक कपाट डीलरला ९,००० रुपयांना जातं. ते बनवताना पत्रा, बिजागऱ्या, कुलूप, हँडल, पावडर, ओव्हनचा गॅस आणि नगावर दिली जाणारी मजुरी मिळून ६,५०० रुपये लागतात. हा बदलता खर्च. कपाट बनवलं तर होतो, नाही बनवलं तर होत नाही. दुसऱ्या बाजूला शेडचं भाडं, फोरमन आणि सुपरवायझरचे पगार, मशिनांचा घसारा, विमा, विजेच्या बिलातला ठरावीक आकार असे कारखान्याचे वर्षाचे ६० लाख रुपये आहेत. हा स्थिर खर्च. वर्षात ३,००० कपाटं निघोत की ५,०००, हे ६० लाख लागतातच. याशिवाय ऑफिस आणि विक्री विभागाचे २५ लाख आहेत, तेही स्थिर. पण हे २५ लाख दोन्ही पद्धतींत ज्या त्या वर्षीच खर्ची पडतात, त्यांच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कारखान्याच्या ६० लाखांबद्दल.

हे ६० लाख कपाटाचा खर्च आहेत की वर्षाचा, एवढाच तो वाद.

कपाटाचा म्हटलं, तर प्रत्येक नगावर त्यांचा वाटा चढवावा लागतो. वर्षाला साधारण ४,००० नग निघतात, म्हणजे नगामागे १,५०० रुपये. मग एका कपाटाची किंमत ६,५०० अधिक १,५००, म्हणजे ८,००० रुपये होते. कपाट विकलं की हे आठही हजार खर्चात जातात. नाही विकलं तर ते कपाट आठ हजारांची मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतं, आणि त्याच्या पोटात शेडच्या भाड्याचा एक तुकडाही बसतो. या पद्धतीला अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंग म्हणतात. माल स्थिर खर्चही शोषून घेतो, अशी त्यामागची कल्पना.

वर्षाचा म्हटलं, तर गोदामातल्या कपाटाची किंमत फक्त ६,५०० धरायची आणि ६० लाख ३१ मार्चला पूर्णच्या पूर्ण नफ्यातून वजा करायचे. कपाटं विकली गेली की पडून राहिली, हे विचारायचंच नाही. हे व्हेरिएबल कॉस्टिंग. बी. कॉम.च्या पुस्तकांत ते बहुधा मार्जिनल कॉस्टिंग या नावाने भेटतं.

जितका माल बनला तितकाच विकला गेला, तर या दोन पद्धतींत एका रुपयाचाही फरक पडत नाही. पहिल्या वर्षी तसंच झालं. ४,००० बनली, ४,००० विकली. नगामागे ९,००० वजा ६,५००, म्हणजे २,५०० रुपये सुटतात. चार हजार नगांचे एक कोटी. त्यातून ६० लाख आणि २५ लाख गेले, उरले १५ लाख. दुसऱ्या पद्धतीने नगामागे १,००० रुपये सुटतात, त्याचे ४० लाख, त्यातून ऑफिसचे २५ गेले की पुन्हा १५ लाख. ६० लाख एकात एकरकमी गेले, दुसऱ्यात चार हजार कपाटांच्या पाठीवरून गेले, पण त्या वर्षी सगळे गेले.

दुसऱ्या वर्षी बाजार मंदावला, डीलरनी माल कमी उचलला. नेमक्या त्याच वर्षी कारखान्याने उत्पादन ५,००० वर नेलं. हे वेडेपणाचं वाटेल, पण शॉप फ्लोअरवर याला सबळ कारणं असतात. ओव्हन एकदा तापला की रिकामा ठेवणं जिवावर येतं. पत्र्याची कॉइल एकदम घेतली की दर थोडा बरा लागतो. आणि ‘नग वाढवा, कॉस्ट आपोआप खाली येईल’ हे वाक्य तर तिथे सतत ऐकू येतं. वाक्य खोटंही नाही. ६० लाख आता ५,००० नगांवर वाटले गेले, म्हणजे नगामागे १,२०० रुपये. कपाटाची किंमत ८,००० वरून ७,७०० झाली. कॉस्ट शीटवर तीनशे रुपये वाचले. प्रत्यक्षात एक रुपयाही वाचलेला नाही. पत्रा तेवढाच लागला, भाडं तेवढंच गेलं.

आता नफा बघा. ३,६०० कपाटं विकली, प्रत्येकावर ९,००० वजा ७,७००, म्हणजे १,३०० रुपये सुटले. एकूण ४६ लाख ८० हजार. ऑफिसचे २५ लाख वजा केले की २१ लाख ८० हजार. व्हेरिएबल कॉस्टिंगने याच वर्षाचा हिशेब केला तर ३,६०० नगांचे २,५०० प्रमाणे ९० लाख येतात, त्यातून ८५ लाख जातात आणि हाती उरतात फक्त ५ लाख. मधला फरक १६ लाख ८० हजारांचा. गोदामात १,४०० कपाटं शिल्लक आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात स्थिर खर्चाचे १,२०० रुपये आहेत. चौदाशे गुणिले बाराशे: १६ लाख ८० हजार. दोन्ही नफ्यांतला फरक समजून घ्यायला या एका गुणाकारापलीकडे काही लागत नाही. या वर्षीच्या ६० लाखांपैकी एवढे रुपये खर्चात न जाता गोदामात जाऊन बसले आणि ताळेबंदात मालमत्ता झाले.

आणि पैसे? दोन्ही पद्धतींच्या बाहेर एक तिसरा हिशेब असतो, तो बँकेच्या पासबुकात. सगळी विक्री रोखीची धरली तरी या वर्षी आले ३ कोटी २४ लाख. पाच हजार कपाटांचा माल आणि मजुरी यांवर गेले ३ कोटी २५ लाख. कारखान्याच्या ६० लाखांत ५ लाख घसारा आहे असं धरू, तो रोख जात नाही. म्हणजे ५५ लाख, आणि ऑफिसचे २५. एकूण गेले ४ कोटी ५ लाख. पासबुकात ८१ लाखांची तूट, आणि नफा-तोटा पत्रकात २१ लाख ८० हजारांचा नफा. त्या नफ्यावर आयकर भरायचा आहे. तूट भागवायला कॅश क्रेडिट वाढवून घ्यायचं आहे. बँक ते वाढवूनही देते, कारण दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तारण म्हणून दाखवायला गोदाम भरलेलं आहे. मालकाला नफा झाल्याचा आनंद आणि सीसीच्या व्याजाचा घोर एकाच महिन्यात येतो. हिशेब दाखवणाऱ्याने इथे मालकाला थांबवून हे सांगायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. निव्वळ नफ्याचा आकडा हातात ठेवून निघून जाणं पुरेसं नाही.

तिसऱ्या वर्षी बाजार उठला. कारखान्याने शहाणपण दाखवलं, आधी पडलेला माल काढायचं ठरवलं, उत्पादन ३,००० वर आणलं आणि ४,४०० कपाटं विकली. व्हेरिएबल कॉस्टिंग सांगतं, ४,४०० गुणिले २,५००, म्हणजे १ कोटी १० लाख, वजा ८५ लाख, नफा २५ लाख. तिन्ही वर्षांतलं सर्वोत्तम वर्ष, जे मालकाला दिसतंच आहे. पण अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगमध्ये या वर्षावर दुहेरी ओझं पडतं. या वर्षीचे ६० लाख आहेतच, शिवाय गोदामातून बाहेर पडलेल्या १,४०० जुन्या कपाटांबरोबर गेल्या वर्षीचे १६ लाख ८० हजारही बाहेर पडले. २५ लाखांतून ते गेले, उरले ८ लाख २० हजार.

हीच कोंडी १९३६ साली अमेरिकेत जोनाथन हॅरिस या हिशेबनिसाने तिथल्या कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्थेच्या बुलेटिनमध्ये मांडली होती. त्याच्या लेखाच्या शीर्षकातला प्रश्न होता, गेल्या महिन्यात आपण कमावलं किती? विक्री वाढलेली असताना नफा खाली का आला, हे वरिष्ठांना पटेल असं सांगता येत नाही, ही त्याची अडचण होती. स्थिर खर्च मालावर चढवूच नये, हा विचार तिथून पुढे चर्चेत आला.

तीन वर्षांची बेरीज मात्र करून बघावी. १५, २१.८० आणि ८.२० मिळून ४५ लाख. दुसऱ्या पद्धतीने १५, ५ आणि २५ मिळून ४५ लाखच. साठा शून्यावरून निघाला आणि शून्यावर परतला, म्हणून एकूण नफा सारखा. अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगने नफा निर्माणही केला नाही आणि गिळलाही नाही, तो एका वर्षातून दुसऱ्या वर्षात सरकवला. साठा वाढला की ही पद्धत जास्त नफा दाखवते, साठा घटला की कमी. सरकवलेला खर्च परत येतोच. पण तो परत येईपर्यंत मॅनेजर बदललेला असतो, बोनस वाटून झालेला असतो, भागीदाराने हिस्सा काढून घेतलेला असतो.

मग कायदा ही पद्धत का मागतो? आपल्याकडे साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखा मानक २, आणि मोठ्या कंपन्यांसाठी इंड एएस २, दोन्ही उत्पादनाचा स्थिर खर्च मालाच्या किमतीत धरायला सांगतात. १९८१ सालच्या मूळ मानकात दोन्ही पद्धतींना वाव होता. १९९९ मध्ये सुधारित मानक आलं आणि तो संपला. आयकराच्या हिशेबालाही हाच नियम आहे. यामागचा विचार मला पटतो. कपाट नुसत्या पत्र्यातून होत नाही. शेड, मशीन आणि फोरमन यांच्याशिवाय ते उभं राहणार नाही, मग त्यांचा खर्च कपाटाच्या किमतीत का नको? आणि दिवाळीत विकायच्या मालासाठी जूनपासून शेड चालवणाऱ्याला जूनमध्ये निव्वळ तोटा आणि दिवाळीत प्रचंड नफा दाखवायला लावलं, तर तेही खरं चित्र नव्हे. साठा जेव्हा ठरलेल्या विक्रीसाठी केलेला असतो तेव्हा अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंग जास्त प्रामाणिक ठरतं.

शिवाय मानकाने दोन कुंपणं घातली आहेत. पहिलं, नगामागचा वाटा कारखान्याच्या नेहमीच्या क्षमतेवर काढायचा. आपल्या कारखान्याची ती ४,००० आहे. तिसऱ्या वर्षी ३,००० नगच निघाले, म्हणून ६० लाख भागिले तीन हजार करून नगामागे २,००० चढवता येत नाहीत. दर १,५०० चाच ठेवायचा आणि न बसलेले १५ लाख त्याच वर्षी खर्ची टाकायचे. म्हणजे मशिनं रिकामी राहिल्याचा खर्च गोदामात लपवता येत नाही. उलट उत्पादन नेहमीपेक्षा खूप वाढलं तर दर कमी करावा लागतो, म्हणून दुसऱ्या वर्षी आपण १,२०० धरले. पण या कुंपणातून काय सुटतं तेही दिसतंय. जास्तीचं उत्पादन करून साठा फुगवण्याला त्याने अटकाव होत नाही. चढवायची रक्कम खऱ्या खर्चाच्या वर जात नाही, एवढंच.

दुसरं कुंपण जास्त धारदार आहे. माल खर्चाच्या किमतीला किंवा विकून जे निव्वळ मिळेल त्या किमतीला, यातलं जे कमी असेल त्यालाच धरायचा. समजा गोदामातली १,४०० कपाटं जुन्या डिझाइनची झाली, पावसाळ्यात काहींच्या पायांना गंज चढला, आणि डीलर आता ८,००० च द्यायला तयार आहे. भाडं-हमाली आणि कमिशनचे ५०० गेले की हाती ७,५००. वहीत किंमत ७,७००. नगामागे २०० रुपये, म्हणजे २ लाख ८० हजार, लगेच तोट्यात टाकावे लागतील. प्रत्यक्षात ३१ मार्चला ही तपासणी घाईत होते. गोदामात जाऊन मागच्या रांगेतली कपाटं उघडून बघणं हा स्टॉक मोजणीचा भाग आहे, पण मोजणाऱ्याचा हात बहुधा पुढच्या रांगेपर्यंतच पोचतो.

बाहेरच्या माणसाला, म्हणजे शेअर घेणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला किंवा नातेवाइकाच्या धंद्यात पैसे घालणाऱ्याला, हे ओळखता येतं का? बऱ्यापैकी येतं. कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला तयार आणि अर्धवट मालाच्या साठ्यातील बदलाची एक स्वतंत्र ओळ असते. आपला कारखाना कंपनी असता तर दुसऱ्या वर्षी तिथे उणे १ कोटी ७ लाख ८० हजार दिसले असते. १,४०० कपाटं, ७,७०० रुपयांप्रमाणे. ४ कोटी १० लाखांच्या एकूण खर्चातून ही रक्कम वजा झाली, म्हणून खर्च ३ कोटी २ लाख २० हजार दिसला. विक्री घटत असताना ही ओळ मोठ्या उणे आकड्याने आली, की पुढचं पान उलटून रोख प्रवाहाचं पत्रक बघावं. व्यवसायातून आलेली रोकड नफ्याच्या उलट्या दिशेने चालली असेल तर साठ्याबद्दल प्रश्न विचारायलाच हवा. साठ्यातल्या बदलाची ओळ एकटी मात्र दोषी ठरत नाही. नवीन बाजारात उतरणारी किंवा सणासाठी माल भरणारी कंपनीही तशीच दिसते. पुढच्या तिमाहीत तो माल निघाला का, यावरून फरक कळतो.

व्हेरिएबल कॉस्टिंगच्या बाजूने इतकं लिहिल्यावर त्याचा धोकाही लिहिला पाहिजे, कारण त्यानेही कारखाने अडचणीत येतात. एखादा बिल्डर येतो, ३०० कपाटं ७,२०० रुपयांनी मागतो. कॉस्ट शीट म्हणते, किंमत ८,०००, नगाला ८०० तोटा, सोडून द्या. व्हेरिएबल कॉस्टिंग म्हणतं, ७,२०० वजा ६,५००, नगाला ७०० सुटतात, २ लाख १० हजार जास्तीचे, घ्या. मशिनं रिकामी असतील आणि ही ऑर्डर एकदाचीच असेल तर घेणंच बरोबर. पण ७,२०० ची बातमी डीलरांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. सगळेच त्या भावाने मागू लागले तर ४,००० कपाटांवर २८ लाख सुटतील, आणि नुसत्या शेडचे ६० लाख समोर उभे असतील. दर ठरवताना पूर्ण किंमत नजरेआड करणारा माणूस रोज थोडं थोडं कमावत वर्षाअखेर बुडतो.

म्हणून मालकाने महिन्याचा हिशेब मागताना तो व्हेरिएबल पद्धतीने मागावा आणि त्याखाली दोन ओळी जास्तीच्या मागाव्यात: महिन्यात गोदामात किती नग वाढले किंवा घटले, आणि त्या नगांमध्ये स्थिर खर्चाची किती रक्कम बसली किंवा सुटली. या दोन ओळींनी वरचा नफा सीएच्या वार्षिक नफ्याशी जुळतो, वेगळी वही ठेवावी लागत नाही. प्रॉडक्शन मॅनेजरचा बोनस नफ्यावर ठरत असेल तर तो वरच्या आकड्यावर ठरवावा, कारण कितीही कपाटं बनवून गोदामात लोटली तरी तो आकडा हलत नाही. तो वाढवायचा तर कपाट विकावंच लागतं, नाहीतर खर्च खरोखर कमी करावा लागतो.